‘वेळात वेळ काढून’: गेल्या वर्षीच्या मसुद्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. गेल्या वर्षीचा मसुदा,
मुक्काम ‘स्नेहसंमेलन फायनल नवीन’ फोल्डर,
शाळेच्या ऑफिसातला संगणक,
म्हसळा, जि. रायगड.

विषय: वरिष्ठ शासकीय अधिकाऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावण्याच्या आपल्या प्रदीर्घ व अखंड सेवेबाबत.

संदर्भ: आपलेच गेल्या जानेवारीचे पत्र. (जावक क्रमांक आपण घातला नव्हता, म्हणून देता येत नाही.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय कळविण्यात येते की आपण अजून जिवंत आहात, याचा आम्हां म्हसळेकरांना अतीव आनंद झाला आहे. शाळेत मुख्याध्यापक आले आणि गेले, सांस्कृतिक समित्या बदलल्या, फळा जाऊन भिंतीवर पडदा आला. आपण मात्र दर डिसेंबरात उघडले जाता, तारखेपुरते बदलता आणि पुन्हा सही-शिक्क्यानिशी अलिबागला रवाना होता. एवढी बदली-मुक्त नोकरी जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला मिळालेली नाही.

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. साहेब लोकांचे दौरे, त्यांना आलेली निमंत्रणं आणि त्यावर कोपऱ्यात मारलेले शेरे माझ्या टेबलावरून बरीच वर्षं गेले आहेत. त्यामुळे यंदा शाळेच्या बाईंनी आपली एक प्रत माझ्याकडे ‘जरा नजर टाका’ म्हणून पाठवली. मी नजर टाकली. ती अजून पूर्ववत झालेली नाही.

आपल्या पहिल्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण आपले बहुतेक पराक्रम तिथेच उरकलेले आहेत.

‘प्रति, मा. ना. श्री./श्रीमती’, मग नाव, मग ‘साहेब (आय.ए.एस.)’. एका ओळीत आपण एका अधिकाऱ्याला मंत्री केलंत, स्त्री की पुरुष हा प्रश्न त्यांच्यावरच सोडलात आणि शेवटी ‘साहेब’ लावून तोही परस्पर निकालात काढलात. ‘ना.’ म्हणजे नामदार; ते मंत्र्यांच्या नावाआधी लागतं. आमदाराला ‘आ.’, खासदाराला ‘खा.’ आणि अधिकाऱ्याला यातलं काहीच नाही. अधिकाऱ्याचा मान नावानंतर येतो: भारतीय प्रशासन सेवेतले असतील तर ‘भा.प्र.से.’, पोलीस सेवेतले असतील तर ‘भा.पो.से.’, आणि खाली पदनाम. ‘साहेब’ हा बोलण्यातला शब्द आहे. दारातून आत जाताना तो जरूर वापरावा. कागदावर तो आला की पत्र अर्जासारखं दिसायला लागतं.

मधल्या तिरक्या रेघेबद्दल तर काय बोलावं! ‘श्री./श्रीमती’ हा छापील फॉर्मचा प्रकार आहे. ज्याला आपण सन्मानानं बोलावतो आहोत तो पुरुष आहे की बाई, एवढं तरी आपल्याला माहीत आहे, असं पत्रात दिसायला हवं. गेल्या वर्षी ज्यांना आपण पाठवले गेलात त्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या एक वरिष्ठ अधिकारी बाई होत्या. कार्यालय सांगत नाही, गरजही नाही. आपल्या पोटात नाव मात्र त्यांच्या आधीच्या अधिकाऱ्यांचं होतं. ते बदलून गेल्याला बरेच महिने झाले होते. ही चूक कोणाच्या तरी लक्षात आली, नाव पांढरं करून वर नवं लिहिलं गेलं, ‘श्रीमती’च्या जागी एका उत्साही हातानं ‘सौ.’ झालं आणि आपण निघालात. महोदय, सरकारी पत्रव्यवहारात अधिकारी बाईंना ‘श्रीमती’ लिहितात. त्यांचं लग्न झालंय की नाही, हा आपल्या स्नेहसंमेलनाचा विषय नाही.

पण आपला खरा षटकार शेवटच्या परिच्छेदात होता. तिथे कोणाचाच हात पोहोचला नाही. ‘तरी आपण सपत्नीक उपस्थित राहून आम्हांस उपकृत करावे’, असं आपण त्या बाईंना कळवलंत. त्यांच्या कार्यालयात त्या दिवशी चहा गोड लागला असणार, एवढंच मी म्हणेन.

यातून शिकण्यासारखं एवढंच. पत्र पदाला लिहायचं की माणसाला, हे आधी ठरवावं लागतं. एखादी परवानगी मागायची असेल तर पत्र पदाला जातं. कोणीही त्या खुर्चीत बसो, उत्तर द्यायला तो बांधील असतो. प्रमुख पाहुणे म्हणून आपण माणसाला बोलावतो. म्हणून पूर्ण नाव, सेवा, पदनाम, या क्रमानं लिहायचं आणि टपालात टाकण्याच्या दिवशी त्या कार्यालयात एक फोन करून ‘साहेब तेच आहेत ना, नाव असंच लिहितात ना’ हे विचारायचं. फोन दोन मिनिटांचा असतो. मध्येच बदली झाली तर नव्या अधिकाऱ्यांना नवं पत्र लिहायचं. जुनं निमंत्रण खुर्चीबरोबर वारसाहक्कानं मिळत नाही.

आता तारखेकडे वळू. आपल्यात छापलं होतं: ‘रविवार, दि. 6 जानेवारी’. तारीख बदलली गेली, वार त्याआधीच्या वर्षीचाच राहिला. सहा तारखेला सोमवार होता. स्वीय सहायकांनी फोन करून विचारलं, ‘कार्यक्रम रविवारी आहे की सहा तारखेला?’ शाळेतून उत्तर गेलं, ‘दोन्ही.’ हे मला फोन उचलणाऱ्या शिपायानंच सांगितलं. त्याचाही दोष नाही, त्यानं आपल्यात पाहून सांगितलं.

बरं, सोमवारच समजू. पण तो महिन्याचा पहिला सोमवार होता, आणि जिल्हास्तरावरचा लोकशाही दिन पहिल्या सोमवारी असतो. त्या दिवशी लोक तक्रारींचे अर्ज घेऊन जिल्हा मुख्यालयात येतात आणि झाडून सगळे विभागप्रमुख तिथे हजर असावे लागतात. म्हणजे जिल्ह्यातल्या बड्या अधिकाऱ्याला अलिबागहून हलवायला महिन्यातला जो दिवस सर्वांत अवघड, तोच आपण हेरून काढलात. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी असतो. तेव्हा तहसीलदार अडकलेले. डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन असतं; तेव्हा आमदार तिकडे आणि त्यांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायला जिल्ह्यातली अर्धी यंत्रणा इकडे जागी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात 25 तारखेचा मतदार दिवस आणि 26 चं ध्वजवंदन. एखादी निवडणूक लागली असेल तर आचारसंहिता आणि निवडणुकीचं काम वेगळंच.

आणि शनिवार? 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, शाळांना नाही. शनिवारी मुलं शाळेत असतात आणि साहेबांच्या मागे बैठका नसतात, म्हणून सोय बरी. पण तो त्यांच्या घरच्यांचाही दिवस आहे, हे विसरायचं नाही. म्हणून जाणत्या शाळा पत्रात एक तारीख लिहीत नाहीत. दोन लिहितात आणि ‘यांपैकी आपल्या सोयीची कळवावी’ म्हणतात. एकच तारीख दिली की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असंच येतं, आणि सहसा येतच नाही. दोन दिल्या की स्वीय सहायक डायरी उघडतो.

आपण तिसऱ्या एका मार्गानं गेलात. आधी पत्रिका छापून घेतलीत, मग संमती मागितलीत. साडेपाचशे पत्रिका छापखान्यातून आल्या, गावात वाटल्या गेल्या, बाजारपेठेत एक फ्लेक्स लागला. आणि त्यानंतर आपण ‘आपल्या संमतीच्या अपेक्षेत’ अलिबागला पोहोचलात. स्वीय सहायक म्हणाले, ‘मॅडम सकारात्मक आहेत.’ शाळेत पेढे वाटले गेले. महोदय, मी त्या भाषेत आयुष्य काढलं. ‘सकारात्मक आहेत’ म्हणजे पत्र त्यांनी पाहिलं. ‘बघू, कळवतो’ म्हणजे पत्र त्यांनी पाहिलेलं नाही. ‘दौऱ्यात घेतलंय’ हे खरं उत्तर. कारण मग दौरा कार्यक्रमाचा कागद निघतो, तो प्रांत आणि तहसील कचेरीला येतो, पोलीस ठाण्याला जातो, आणि त्यात कार्यक्रमाचं नाव, वेळ आणि पुढचा मुक्काम लिहिलेला असतो. त्या कागदात म्हसळा दिसेपर्यंत छापखान्याकडे फिरकू नये.

आता त्या पत्रिकेकडे येऊ. तिच्यात आपण जो मानाचा क्रम लावला होता, त्यावर एक स्वतंत्र ग्रंथ होईल.

मध्यभागी मोठ्या अक्षरांत अधिकारी बाईंचं नाव, वर ‘अध्यक्षा’. त्याखाली ‘प्रमुख अतिथी’ म्हणून संस्थेचे अध्यक्ष, जे त्याच शाळेचे यजमान! त्याखाली ‘विशेष उपस्थिती’त माजी पदाधिकारी, व्यापारी संघटना, पालक प्रतिनिधी, आणि पानाच्या तळाशी, मंडपवाल्याच्या वर दोन ओळी, लोकप्रतिनिधींची नावं. ज्या तालुक्यातल्या आंबेतचा माणूस राज्याचा मुख्यमंत्री झाला आणि ज्यांच्या कारकिर्दीत 1981 साली कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला, त्या तालुक्यात लोकप्रतिनिधी कुठे बसवायचे हे आपल्याला कळू नये, हे मात्र मनाला लागलं.

आधी भूमिका पाहू. अध्यक्ष म्हणजे जो समारंभ चालवतो आणि ज्याचं भाषण सर्वांत शेवटी होतं. प्रमुख पाहुणा त्याच्या आधी बोलतो, बक्षिसं देतो आणि गरज पडली तर अध्यक्षांची परवानगी घेऊन निघू शकतो. अधिकाऱ्याला अध्यक्ष केलं की शेवटचा नाच संपेपर्यंत त्याला खुर्चीत बांधून ठेवलं. तेव्हा पत्रात ‘उपस्थित राहून शोभा वाढवावी’ लिहून भागत नाही. ‘प्रमुख पाहुणे म्हणून’ हे शब्द, अध्यक्षस्थानी कोण, आपण काय करायचं आहे आणि किती मिनिटं बोलायचं आहे, हे सगळं स्पष्ट लागतं.

आणि मंचावर आणखी कोण, हे त्याहून महत्त्वाचं. लोकप्रतिनिधी आणि अधिकारी एकाच मंचावर असतील तर मान लोकप्रतिनिधींचा आधी. मंत्री येणार असतील तर मग प्रमुख पाहुणे तेच. अधिकारी ‘प्रमुख उपस्थिती’त जातात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही, फक्त ते आधी माहीत असावं लागतं. आपण त्यांना कळवलं नाहीत. त्यांनी ते पत्रिकेत पाहिलं. आपल्याहून वरचा मान असलेल्यांची नावं आपल्या खाली छापलेली आहेत, असा कागद हातात आल्यावर कुठलाही शहाणा अधिकारी काय करतो? त्याला अचानक मुंबईची बैठक लागते.

आपल्या समितीतल्या एका गुरुजींनी यावर उपाय म्हणून राष्ट्रपती सचिवालयाचा अग्रताक्रम मिळवला म्हणे. 1979 साली अधिसूचित झालेली ती यादी आहे खरी. राष्ट्रपतींपासून सुरू होऊन 26 क्रमांकांपर्यंत जाते, त्यात खासदार 21 व्या क्रमांकावर आहेत आणि जिल्हाधिकारी हे पदच नाही. शिवाय ती शासकीय आणि औपचारिक समारंभांसाठी आहे, रोजच्या कामकाजाला लागू नाही, असं तिच्यातच म्हटलेलं आहे. म्हसळ्याच्या स्नेहसंमेलनात कोणाच्या शेजारी कोण बसेल, हे तिथे सापडायचं नाही. त्याला सोपी वाट आहे. पत्रिकेचा कच्चा मसुदा घेऊन तहसील कचेरीत जावं आणि तिथे विचारावं. तालुक्यात मंत्री येतात तेव्हा बैठकव्यवस्था तेच लोक बघतात. जिल्ह्याला हे काम सहसा निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. लाल पेन्सिलीची एक खूण आणि विषय संपतो.

यानंतर वेळ. आपण लिहिलंत: ‘सायंकाळी ठीक 5 वाजता, कार्यक्रम संपेपर्यंत’. हे ‘ठीक’ फार गोड आहे. त्याच पत्रासोबत जोडलेल्या कार्यक्रमपत्रिकेत ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, अहवालवाचन, परिचय, सत्कार, मनोगतं, भाषणं, बक्षिसं आणि मग विविध गुणदर्शन होतं, आणि खाली ‘रात्रौ 11.30 वा. राष्ट्रगीत’. महोदय, रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, असा ध्वनिप्रदूषणाचा नियम 2000 सालापासून आहे. मोजक्या दिवसांची सवलत शासन देतं, ती आपण मागितली नव्हती. जिल्ह्याच्या ज्या मंडळींनी या नियमाकडे लक्ष ठेवायचं, त्यांच्यातल्याच एकीला आपण दीड तासाच्या नियमभंगाचं लेखी, सही-शिक्क्यासह निमंत्रण दिलंत. प्रामाणिकपणाचा असा नमुना विरळा.

शेवटी मॅडम आल्या, हा त्यांचा मोठेपणा. अलिबागहून म्हसळा काही हाकेच्या अंतरावर नाही. रोह्याकडून माणगावला यायचं आणि तिथून घाटरस्त्यानं आत शिरायचं. नाहीतर मुरूडवरून आगरदांड्याला येऊन गाडी बोटीत घालायची आणि दिघीला उतरायचं. बोट रात्री उशिरा नसते, त्यामुळे त्या वाटेनं आलेल्याला परतताना लांबचा फेरा. आपल्यात यातला एक शब्द नव्हता. शाळा गावात कुठे, गाडी कुठे लावायची, रस्त्यात फोन करायचा तर कोणाला, काहीच नव्हतं. ‘आपल्या पदस्पर्शाने शाळेची भूमी पावन करावी’ होतं, पण ती भूमी सापडायची कशी हे नव्हतं. गाडी आधी भलत्याच शाळेच्या फाटकात जाऊन आली.

त्या पोहोचल्या तेव्हा पावणेसात झाले होते. कोळीनृत्याच्या मुली दुपारी चारपासून लुगडी नेसून, गजरे माळून वर्गात बसवलेल्या. ‘साहेबांसमोर पहिला नाच तुमचाच’ असं सांगून त्यांना पाणीसुद्धा बेतानं दिलं होतं, पुन्हा नेसवणार कोण म्हणून. बाल्या नाचाच्या मुलांनी घुंगरू काढून खिशात घातले होते. आणि मंचावर सुरू झाला तो सत्कार.

या सत्काराचं मूळही आपल्यातच होतं. ‘आपला भव्य नागरी सत्कार करण्याचे योजिले आहे’ हे वाक्य आपण कुठल्याशा दुसऱ्या कार्यक्रमातून उचललेलं दिसतं. अखिल भारतीय सेवांचे 1968 चे वर्तणूक नियम आहेत. सेवेतल्या अधिकाऱ्याला स्वतःच्या गौरवासाठी भरवलेल्या सभेला जायचं किंवा मानपत्र घ्यायचं तर आधी शासनाची मंजुरी लागते. म्हणजे मुलांची बक्षिसं द्यायला या, असं लिहिलं असतंत तर त्या सहज येऊ शकत होत्या. ‘तुमचा नागरी सत्कार’ लिहून आपण त्यांना वर परवानगी मागायला लावलीत. मॅडमनी आल्या आल्या मानपत्र वाचू नका म्हणून सांगितलं, शाल शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला दिली आणि हातात नारळ धरून बाकीच्या तेवीस जणांचे सत्कार पाहिले. त्यात जनरेटरवाला होता. वीज गेली नव्हती, तरी होता.

त्या बोलल्या सात मिनिटं. मुलांशी बोलायचं म्हणून काही तरी ठरवून आल्या होत्या, हे दिसत होतं. समोर मुलं नव्हती. मुलं आत वर्गात होती, समोर सत्कारमूर्तींची घरची मंडळी होती. पहिला नाच सुरू झाला तेव्हा मॅडमची गाडी म्हसळ्याची वेस ओलांडून गेलेली होती. लुगडी नेसलेल्या मुली नाचल्या, पण कोणासमोर, ते विचारू नका.

महोदय, या सगळ्यात आपल्या भाषेत कुठेही उणेपणा नव्हता, हे मी मान्य करतो. ‘बहुमोल वेळात वेळ काढून’, ‘आम्हां पामरांस’, ‘कृपाभिलाषी’, सगळं जागच्या जागी. म्हसळा हा एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचा महाल. संस्थान 1948 साली विलीन झालं, दरबार उठला. त्या दरबारातला अर्जदार मात्र आपल्या रूपानं संगणकात जाऊन बसला. आपण वाकलात भरपूर, माहिती मात्र काही दिली नाहीत. राजशिष्टाचार म्हणजे विशेषणांची माळ, असा आपला समज आहे. तो मुळात तपशिलाचा शिष्टाचार आहे: समोरच्याचं नाव अचूक, काम स्पष्ट, वेळ खरी, शेजारी कोण ते आधी ठाऊक. एवढं केलं की विशेषणं नसली तरी मान राहतो.

तरी आपली गैरसोय होऊ नये म्हणून यंदाचं पत्र मी बाईंना लिहून दिलं. आपल्या अवलोकनार्थ खाली उतरवतो. संस्थेचं नाव आणि फोन नंबर तेवढे गाळले आहेत.

‘प्रति, श्रीमती (पूर्ण नाव), भा.प्र.से., (पदनाम), अलिबाग, जि. रायगड.

विषय: वार्षिक बक्षीस समारंभास प्रमुख पाहुण्या म्हणून उपस्थित राहण्याबाबत विनंती.

महोदया,

आमच्या शाळेचा वार्षिक बक्षीस समारंभ शनिवार, दि. 10 जानेवारी किंवा शनिवार, दि. 17 जानेवारी रोजी सकाळी 10.30 ते 11.45 या वेळेत घेण्याचे ठरले आहे. या समारंभास आपण प्रमुख पाहुण्या म्हणून यावे, ही विनंती. दोन्हीपैकी आपल्या सोयीची तारीख कळवल्यास त्यानुसार पत्रिका छापू.

आपल्या हस्ते दहावी, शिष्यवृत्ती आणि क्रीडास्पर्धांतील 18 विद्यार्थ्यांना बक्षिसे द्यावयाची आहेत. त्यानंतर सुमारे 15 मिनिटे आपण विद्यार्थ्यांशी बोलावे. सुरुवातीस विद्यार्थ्यांचे एक नृत्य, 6 मिनिटांचे, आपल्या उपस्थितीत होईल. अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष असतील. मतदारसंघातील लोकप्रतिनिधींनाही निमंत्रण देत आहोत. त्यांच्यापैकी कोणी येणार असल्यास मंचावरील क्रम तहसील कार्यालयाच्या सल्ल्याने ठरवून आपल्या कार्यालयास आगाऊ कळवू. स्वागत एक पुस्तक देऊन करण्यात येईल. अन्य सत्कार ठेवलेले नाहीत.

शाळेचा पत्ता, माणगाव व दिघी या दोन्ही बाजूंनी येण्याचा मार्ग आणि मिनिटवार कार्यक्रम सोबत जोडला आहे. संपर्कासाठी पर्यवेक्षकांचा नंबर खाली दिला आहे.

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका.’

एका पानात बसलं. बाई म्हणाल्या, ‘काका, हे फारच कोरडं वाटतं हो. थोडं तरी गोड घाला.’ मी म्हटलं, त्यातलं नृत्य वाचा. त्याहून गोड काही नसतं. शिवाय हे पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं, मुख्याध्यापिका आणि संस्थेचे एक पदाधिकारी स्वतः घेऊन गेले, आवक शाखेत शिक्का मारून दुसरी प्रत परत आणली. चौथ्या दिवशी स्वीय सहायकांचा फोन आला. ते ‘सकारात्मक आहेत’ म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘दहाला घेतलं तर चालेल ना? आणि ते सहा मिनिटांचं नृत्य कुठलं आहे?’

तेव्हा आता आपल्या निवृत्तीचा प्रश्न उरतो. बाई आपल्याला कायमचं डिलीट करायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. इतकी सेवा झाली आहे, निरोप समारंभाशिवाय पाठवणं बरं दिसत नाही. तो ‘सायंकाळी ठीक 5 वाजता’ ठेवला आहे. अध्यक्ष आपणच, प्रमुख अतिथी आपणच, सत्कारमूर्तीही आपणच. मानाच्या क्रमावरून वाद नको. आपण सपत्नीक यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून, म्हसळा

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी:
1) स्वागतगीताचा मसुदा, जो आपल्याच फोल्डरात आहे आणि ज्यात अजून आधीच्या आधीच्या साहेबांचं नाव गुंफलेलं आहे.
2) आभारप्रदर्शनाचा मसुदा, ज्यात ‘वेळात वेळ काढून आलेल्या’ मंडळींच्या यादीत न आलेलेही आहेत.
3) कोळीनृत्याच्या मुली, आठवी ब: लुगडी दहा वाजता नेसा, चारपासून नको. पाणी हवं तेवढं प्या.